‘रिसेप्शनिस्ट पाहिजे’ : जयगडच्या दवाखान्याची जाहिरात

‘त्वरित पाहिजे. क्लिनिकसाठी स्मार्ट, आकर्षक, अविवाहित मुलगी. वय 18 ते 25. उत्तम इंग्रजी. आकर्षक पगार, कायमस्वरूपी नोकरी, नर्सिंग मोफत शिकवले जाईल.’

मेडिकल स्टोअरच्या काचेवर, एसटी स्टँडच्या खांबावर किंवा गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या घाटणीची जाहिरात पाहिली नाही असा माणूस सापडणे कठीण. इतके लिहूनही या जाहिरातीत कामाची माहिती काहीच नाही. दवाखाना कुठे आहे, किती वाजता यायचे, किती वाजता सुटायचे, हातात किती पडणार, यातले काहीच तिच्यात सांगितलेले नाही. जे सांगितले आहे त्यातले निम्मे अनावश्यक आहे आणि उरलेले पाळता येण्यासारखे नाही. परिणाम ठरलेला. चाळीस फोन येतात, त्यातले तीस ‘पगार किती?’ एवढे विचारून बंद होतात. उरलेल्यांतून एकजण रुजू होतो आणि पहिला पगार घेऊन येईनासा होतो. मग तीच पाटी पुन्हा लागते.

अशी जाहिरात नीट कशी लिहायची, हे पाहण्यासाठी जयगडएवढी चांगली जागा नाही. रत्नागिरी तालुक्याच्या उत्तर टोकाला, शास्त्री नदीच्या मुखाशी हे गाव आहे. किल्ला, दीपगृह, मासेमारीच्या होड्या, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातले तवसाळ आणि तिथून माणसे-गाड्या घेऊन येणारी फेरीबोट. त्यातच गेल्या दीड-दोन दशकांत उभे राहिलेले बंदर आणि 1200 मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प. त्यामुळे इथल्या दवाखान्याच्या बाकावर मच्छीमार, बागायतदार, बंदरावरचा परप्रांतीय कामगार आणि गणपतीपुळ्याहून किल्ला पाहायला आलेला पर्यटक शेजारी शेजारी बसलेले दिसू शकतात. काउंटरवर बसणाऱ्याला या सगळ्यांशी बोलायचे असते.

समजा, इथे एका डॉक्टरचे लहानसे क्लिनिक आहे. एक डॉक्टर, एक नोंदणीकृत परिचारिका, सफाईसाठी एक मावशी. चौथे माणूस हवे आहे. जाहिरात लिहायला बसण्याआधी त्या डॉक्टरांनी एक दिवस फक्त काउंटरवर काय घडते ते टिपून ठेवावे. कागद दोन रकान्यांचा करावा. एका रकान्यात काम, दुसऱ्यात ते दिवसातून किती वेळा येते.

या यादीतून सहसा असे दिसते. नंबर लावणे आणि केस पेपर काढणे हे सर्वांत मोठे काम. जुना पेशंट असेल तर त्याचा पेपर शोधणे, नवा असेल तर नाव, वय, गाव, फोन नीट लिहून घेणे. त्यानंतर फोन. त्यातला बहुतेक वेळ ‘डॉक्टर आहेत का?’ आणि ‘किती नंबर झालेत?’ यांची उत्तरे देण्यात जातो. मग फी घेणे, पावती देणे, यूपीआयचे पैसे खात्यावर आले का ते पाहणे, संध्याकाळी गल्ला जुळवणे. कंपनीत द्यायच्या सर्टिफिकेटसाठी थांबलेल्या कामगाराला वेळ सांगणे. आणि छातीत दुखतेय म्हणणारा किंवा साप चावलेला माणूस दारात आला, तर नंबर बाजूला ठेवून आत वर्दी देणे. हे शेवटचे काम दिवसातून एकदाही येत नाही. पण येते तेव्हा सगळ्यात महत्त्वाचे तेच असते.

या यादीत ‘आकर्षक’ कुठेच बसत नाही. ‘उत्तम इंग्रजी’ही नाही. लागते ते एवढेच की संगणकावर इंग्रजी अक्षरांत नाव टाइप करता यावे आणि लॅबच्या रिपोर्टवरचे नाव वाचता यावे. बोलायला मराठी हवी, कामापुरती हिंदी हवी. गावातल्या मुस्लिम वस्तीतली कोकणी बोली कानाला सवयीची असेल तर उत्तमच. पण ती अट म्हणून लिहायची गरज नाही, कारण जयगड-वाटद परिसरात वाढलेल्या माणसाला ती आपोआप येते. ‘पदवीधर’ ही अटही यादीशी ताडून पाहावी. केस पेपर लिहायला बी.कॉम. लागत नाही. अट वाढवली म्हणून माणूस चांगला मिळतो असे नाही. मिळतो तो बहुधा दुसरीकडे नोकरी लागेपर्यंत थांबणारा.

आता वेळ. जयगडसारख्या ठिकाणी नोकरी टिकते की सुटते, ते बऱ्याचदा पगाराहून वेळेवर ठरते, आणि जाहिरातीत नेमके तेच झाकलेले असते. दवाखान्याची ओपीडी दोन सत्रांत चालते. आपल्या उदाहरणात सकाळी साडेनऊ ते दीड आणि संध्याकाळी साडेचार ते आठ. काम साडेसात तासांचे. डॉक्टरांच्या मते हे हलके काम आहे. पण समजा, उमेदवार खंडाळ्याहून किंवा मालगुंडहून एसटीने येणार आहे. दुपारच्या तीन तासांत घरी जाऊन परत येणे परवडत नाही, वेळेतही बसत नाही. म्हणजे तो माणूस साडेनऊ ते आठ, साडेदहा तास जयगडातच अडकतो. वर जाण्यायेण्याचा वेळ. आठ वाजता काउंटर बंद झाल्यावर गाडी आहे का, हा प्रश्न वेगळाच. तवसाळहून येणाऱ्याचे तर शेवटच्या फेरीबोटीवर सगळे अवलंबून.

यावर दोन प्रामाणिक मार्ग आहेत. पहिला, जाहिरातीत दुपारची सुट्टी स्पष्ट लिहायची आणि त्या वेळात बसायला, डबा खायला दवाखान्यात जागा आहे की नाही तेही लिहायचे. दुसरा मार्ग डॉक्टरांना सहसा सुचत नाही : एका पूर्णवेळ माणसाऐवजी दोन अर्धवेळ माणसे. सकाळी एक, संध्याकाळी एक. सकाळच्या जागेला मुलांना शाळेत सोडून येणारी बाई चालते, संध्याकाळच्या जागेला जवळपास राहणारा, कॉलेज करणारा तरुण चालतो. दोन्ही सत्रांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो आणि दुपारी ‘आज कोणाला परत बोलावले आहे’ हे वहीत लिहून ठेवावे लागते, एवढीच कटकट. शिवाय एकाला ताप आला तर दुसरा असतो. कोणताही मार्ग घ्या, पण लिहा. ‘वेळ सोयीनुसार’ म्हणजे सोय कोणाची, हे वाचणाऱ्याला पुरते ठाऊक असते.

कोकणात वेळेच्या रकान्यात आणखी एक ओळ लागते, ती गणपती आणि शिमग्याची. त्या दिवसांत इथल्या प्रत्येकाला घरी असायचे असते आणि नेमके त्याच दिवसांत मुंबईहून चाकरमानी उतरल्याने दवाखान्यात गर्दी होते. गणपतीत सुट्टी मिळणार नाही, हे रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात कळले तर माणूस सुट्टी घेत नाही, नोकरीच सोडतो. ‘गणपतीचे दोन दिवस आणि शिमग्याचा एक दिवस दवाखाना बंद, इतर दिवस पाळीने सुट्टी’ एवढे वाक्य पुरते.

पगाराचा आकडा न लिहिण्यामागे मालकाचा हिशेब असतो : कमी मागणारा सापडला तर बरे. प्रत्यक्षात आकडा नसला की लायक माणसे फोनच करत नाहीत आणि ज्यांना कुठेही चालेल ते सगळे करतात. आकडा लिहिण्याआधी मात्र एक गोष्ट तपासावी लागते. किमान वेतन दवाखान्यालाही लागू आहे, मग माणसे चार असोत की चाळीस. त्याचे दर परिमंडळानुसार आणि कामाच्या कौशल्यानुसार वेगवेगळे असतात. त्यातला विशेष भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकानुसार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. म्हणून गेल्या वर्षी ज्या पगारावर माणूस ठेवला तो आकडा जसाच्या तसा छापला, तर तो आज कायद्याहून खाली असू शकतो. रत्नागिरीच्या कामगार कार्यालयात चालू दर विचारायला एक फोन पुरतो. ‘पहिले तीन महिने शिकाऊ म्हणून निम्मा पगार’ हेही किमान वेतनाच्या खाली जात असेल तर चालत नाही. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायचा असतो. ती तारीखही लिहून टाकावी, विश्वास बसतो.

कोणाला बोलवायचे, या भागात एक जुनी गोष्ट आठवण्यासारखी आहे. 1974 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची एक जाहिरात पाहिली. खाली तळटीप होती : महिलांनी अर्ज करू नयेत. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. पुण्याला मुलाखतीचे बोलावणे आले, नोकरीही मिळाली. त्याच पुढे सुधा मूर्ती म्हणून सर्वांना माहीत झाल्या. अर्धशतक उलटले, तळटीप गेली, पण दवाखान्याच्या पाटीवर ती उलटी होऊन बसली आहे : ‘फक्त मुली’. त्यामागचे कारण कामात नसते. काउंटरवर मुलगी शोभते आणि कमी पगारात राहते, ही जुनी समजूत असते. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भरती करताना लिंगावरून भेदभाव करू नये, असे स्पष्ट कलम आहे; त्याआधीच्या 1976 च्या समान वेतन कायद्यातही स्त्रियांना डावलण्यास मनाई होतीच. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरी देताना भेदभाव करू नये, असे 2019 चा कायदा सांगतो. एचआयव्ही चाचणीची अट नोकरीसाठी घालता येत नाही, हे 2017 च्या कायद्याने ठरले आहे. दवाखान्याने तरी ती कधी घालू नये. पण ‘सर्व रक्ततपासण्या करून यावे’ असे सरसकट लिहिणारे असतात.

सर्वसमावेशक लिहायचे म्हणजे ‘आम्ही सर्वांना समान संधी देतो’ असे ठोकळेबाज वाक्य चिकटवायचे नव्हे. मराठीत ते व्याकरणातूनच साधता येते. ‘मुलगी हवी’ म्हटले की दार अर्धे बंद. ‘रिसेप्शनिस्ट पाहिजे’ यात ना स्त्री ना पुरुष. ‘येणारीने’ किंवा ‘येणाऱ्याने’ लिहिण्यापेक्षा ‘इच्छुकांनी’ लिहावे. ‘तिला शिकवू’ ऐवजी ‘काम शिकवले जाईल’. अविवाहित, निर्व्यसनी, सुस्वभावी हे शब्द काढावेत. पहिला खासगी आहे आणि उरलेले दोन कोणी स्वतःबद्दल नाकारत नाही. वयाची अट ‘18 वर्षे पूर्ण’ एवढीच. चाळिशीतली बाई गावातल्या तीन पिढ्यांना नावाने ओळखत असते, हा काउंटरवरचा मोठा गुण आहे. फोटो मागू नये. गणवेश असेल तर तो कशावर घालायचा ते सांगावे. स्वतःच्या कपड्यांवर अ‍ॅप्रन चालत असेल तर स्कार्फ घेणाऱ्या मुलीचा प्रश्न न विचारताच सुटतो.

अपंग उमेदवारांबाबत तर केवळ वस्तुस्थिती सांगणे हीच मोठी मदत. काम बसून करायचे आहे, पण दारात दोन पायऱ्या आहेत आणि शौचालय भारतीय पद्धतीचे आहे. हे लिहिले की कुबडी घेऊन चालणारा माणूस स्वतः ठरवू शकतो. न लिहिता ‘अपंगांना प्राधान्य’ म्हटले तर तो तासभर एसटीने येऊन पायऱ्यांपाशी थांबतो.

अतिशयोक्तीबद्दल थोडे सविस्तर, कारण दवाखान्याच्या बाबतीत ती नुसती वाईट सवय राहत नाही. वरच्या नमुन्यातले ‘नर्सिंग मोफत शिकवले जाईल’ हे वचन पाहा. ऐकायला गोड. पण परिचारिका होण्यासाठी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. काउंटरवर बसून ती मिळत नाही. अशा वचनाचा खरा अर्थ बहुधा एवढाच असतो की गर्दीच्या वेळी रिसेप्शनिस्टकडून इंजेक्शन द्यायचे काम करून घेतले जाईल. चूक झाली तर रुग्णाचा जीव जातो आणि बोट त्या मुलाकडे किंवा मुलीकडे वळते. म्हणून चांगल्या जाहिरातीत ही ओळ उलटी यावी : इंजेक्शन, सलाइन, ड्रेसिंग हे या पदाचे काम नाही.

दुसरी गफलत डॉक्टरांच्या स्वतःच्या बाबतीतली. नोकरीची जाहिरात लिहिता लिहिता ‘परिसरातील सुप्रसिद्ध, खात्रीशीर उपचार करणाऱ्या क्लिनिकसाठी’ असे शब्द शिरतात. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना लागू असलेल्या 2002 च्या व्यावसायिक आचारसंहितेत स्वतःची जाहिरातबाजी करण्यास मनाई आहे. दवाखाना सुरू होणे, पत्ता बदलणे, फी जाहीर करणे अशा मोजक्या सूचनाच देता येतात. ‘रिसेप्शनिस्ट पाहिजे’च्या आडून स्वतःची कीर्ती सांगणे त्या चौकटीत बसत नाही. नाव आणि पत्ता पुरे. ‘कायमस्वरूपी’ हाही शब्द जपून वापरावा. एका डॉक्टरच्या दवाखान्यात कायम काय असते? त्यापेक्षा ‘तीन महिन्यांनी दोन्ही बाजूंनी बोलून पुढचे ठरेल, नियुक्तीपत्र पहिल्या दिवशी मिळेल’ हे खरे आहे आणि पाळता येते.

हे सगळे एकत्र केले तर आपल्या कल्पित क्लिनिकची जाहिरात अशी होईल. पगाराचा आकडा नमुन्यापुरता आहे; चालू किमान वेतनाशी ताडून मगच लिहावा.

‘रिसेप्शनिस्ट पाहिजे. जागा एक. ठिकाण : जयगड, ता. रत्नागिरी (क्लिनिकचे नाव, जवळची खूण).

काम : नंबर लावणे, केस पेपर काढणे, फोन घेणे, फी व पावती, दिवसअखेर हिशेब. तातडीचा रुग्ण आल्यास लगेच डॉक्टरांना कळवणे. रुग्णाची माहिती बाहेर न सांगणे ही कामाची अट आहे. इंजेक्शन, ड्रेसिंग, साफसफाई हे या पदाचे काम नाही.

वेळ : सोमवार ते शनिवार, सकाळी 9.30 ते 1.30 आणि संध्याकाळी 4.30 ते 8. रविवारी सुट्टी. दुपारी बसण्यासाठी व डब्यासाठी खोली आहे. फक्त सकाळचे किंवा फक्त संध्याकाळचे सत्र हवे असल्यास तसे कळवावे. गणपतीचे दोन व शिमग्याचा एक दिवस दवाखाना बंद. त्या काळातील इतर दिवस पाळीने सुट्टी.

पगार : पूर्णवेळ दरमहा एकूण 15,500 रुपये, पहिल्या महिन्यापासून. दर महिन्याच्या 7 तारखेपर्यंत बँक खात्यात. राहण्याची व येण्याजाण्याची सोय नाही.

आवश्यक : 18 वर्षे पूर्ण. मराठी लिहिता-वाचता येणे, कामापुरती हिंदी, इंग्रजी अक्षरांत नावे टाइप करता येणे. अनुभव नसला तरी चालेल, काम शिकवले जाईल.

कोणत्याही लिंगाच्या, धर्म-जातीच्या, विवाहित-अविवाहित व्यक्तींनी अर्ज करावा. काम बसून करायचे आहे. प्रवेशद्वाराला दोन पायऱ्या आहेत. काही सोय लागत असल्यास आधी सांगावे, शक्य ते करू.

अर्ज : साध्या कागदावर नाव, गाव, शिक्षण, फोन. फोटो, आधारची प्रत नको. कसलेही शुल्क नाही. 20 तारखेपर्यंत दुपारी 1.30 ते 2 या वेळेत क्लिनिकच्या फोनवर किंवा प्रत्यक्ष. निवड अर्ध्या तासाच्या प्रात्यक्षिकाने : एक फोन घेणे, दोन केस पेपर लिहिणे. सर्वांना 25 तारखेपर्यंत होय किंवा नाही कळवले जाईल.’

जाहिरात लांब वाटेल. मेडिकलच्या काचेवर ए-फोर कागदावर ती बसते. वर्तमानपत्रात शब्दांचे पैसे पडतात म्हणून तिथे ठिकाण, वेळ, पगार आणि ‘पूर्ण माहिती क्लिनिकच्या दारावर’ एवढे द्यावे. कापायचे झाले तर पगार आणि वेळ शेवटी कापावी, म्हणजे कापूच नये. ‘शुल्क नाही’ ही ओळही ठेवावी. नोकरी लावतो म्हणून नोंदणीचे पैसे उकळणारे फिरत असतात, आणि त्या ओळीमुळे वाचणाऱ्याला तुमच्या नावावर कोणी पैसे मागितले तर लगेच खोटे ओळखता येते. आधारची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नये तेही याच कारणाने. ती निवडीनंतर, प्रत्यक्ष पाहायची.

कुठे लावायची? ग्रामपंचायतीचा फलक, फेरीबोटीचा धक्का, एसटी थांबा, अंगणवाडी, मशीद आणि देवळाजवळची दुकाने. एकाच ग्रुपवर टाकली तर त्या ग्रुपच्या वाडीतलीच माणसे येतात. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवरही रिकामी जागा विनामूल्य नोंदवता येते. रिक्त पदे कळवण्याची सक्ती 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांवर होती; नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा रद्द झाला. छोट्या दवाखान्यावर ती तेव्हाही नव्हती, पण रस्ता खुला आहे.

जाहिरात जमली की नाही, हे येणाऱ्या फोनवरून कळते. पहिल्या दहा फोनमध्ये ‘पगार किती’, ‘वेळ काय’, ‘मुलगीच पाहिजे का’ हे प्रश्न आले तर कागदात ती ओळ नाही किंवा दिसत नाही. लगेच दुरुस्त करावी. ‘दुपारच्या खोलीत पंखा आहे का’, ‘संध्याकाळचेच सत्र मिळेल का’ असे प्रश्न येऊ लागले की समजावे, लोकांनी ती पूर्ण वाचली. जागा भरल्यावर प्रत्येक ठिकाणचा कागद स्वतः जाऊन काढावा आणि ग्रुपवर ‘जागा भरली’ असे लिहावे. नाहीतर दिवाळीनंतरही कोणीतरी तवसाळहून फेरीबोटीचे तिकीट काढून येईल.